पॉलिसीचा स्टेटस रिपोर्ट हातात आला, आता वाचायचा कसा?

दिवाळीत कपाट आवरताना किंवा घरातलं कुणी निवृत्त झाल्यावर कागदांची पिशवी उघडली जाते आणि त्यात आयुर्विमा पॉलिसीचं पाकीट सापडतं. मग प्रश्न येतो, "याचे आता किती झाले असतील?" शाखेत जाऊन किंवा विमा कंपनीच्या पोर्टलवरून स्टेटस रिपोर्ट काढला जातो आणि त्यावर एकाच पॉलिसीचे पाच-सहा वेगवेगळे आकडे दिसतात. त्यातला कुठला आपला, हे कुणीच सांगत नाही. आमच्या नात्यात असे कागद माझ्याकडे येतात आणि जवळजवळ प्रत्येक वेळी गोंधळ एकच असतो. सगळे आकडे खरे असतात, पण प्रत्येकाला एक तारीख आणि एक अट जोडलेली असते. ती तारीख आणि अट न वाचता सगळ्यात मोठा आकडा लक्षात ठेवला जातो.

हा लेख बोनस मिळणाऱ्या, ठरलेल्या मुदतीच्या साध्या एंडोमेंट पॉलिसीबद्दल आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत एलआयसीची अशी एखादी तरी पॉलिसी असते. शेअर बाजाराशी जोडलेल्या युलिपचं स्टेटमेंट वेगळ्या पद्धतीने वाचावं लागतं, ते इथे घेतलेलं नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एक पॉलिसी मांडते. ती कुणा एकाची नाही, पण अशा हजारो असतील. एलआयसीचा प्लॅन ८१४, मुदत २० वर्षं, विमा रक्कम ५ लाख, वार्षिक हप्ता कर सोडून २५ हजार. पॉलिसी २८ मार्च २०१६ ला सुरू झाली आणि आपण रिपोर्ट काढला नोव्हेंबर २०२५ मध्ये. हप्त्याचा आणि पुढे येणाऱ्या बोनसचा आकडा मी मुद्दाम गोल धरला आहे, म्हणजे हिशेब तोंडी करता येईल.

आधी वरचा भाग: तारखा

रक्कम बघायची घाई करू नका. रिपोर्टच्या वरच्या भागात पॉलिसी नंबर, नाव, जन्मतारीख, प्लॅन आणि मुदत असते. "८१४-२०-२०" असं काही दिसलं तर पहिला आकडा प्लॅनचा, दुसरा पॉलिसीच्या मुदतीचा आणि तिसरा हप्ते भरायच्या वर्षांचा. काही प्लॅनमध्ये मुदत २० वर्षं आणि हप्ते फक्त १५ असतात, म्हणून तिसरा आकडा वेगळा वाचायचा.

DOC म्हणजे पॉलिसी सुरू झाल्याची तारीख. तुम्ही चेक दिला ती तारीख आणि ही तारीख सारखी असेलच असं नाही. वय कमी धरलं जाऊन हप्ता थोडा कमी बसावा म्हणून पॉलिसी काही महिने मागच्या तारखेने घेण्याची पद्धत होती. त्यामुळे "मी तर सप्टेंबरमध्ये घेतली होती" असं आठवत असेल आणि कागदावर जून दिसत असेल, तर लगेच चूक समजू नका. मुदत याच तारखेपासून मोजली जाते. आपल्या उदाहरणात २८ मार्च २०१६ मध्ये २० वर्षं मिळवली की २८ मार्च २०३६ येते, ती मॅच्युरिटीची तारीख.

इथे एक बारीक गोष्ट. शेवटचा हप्ता मार्च २०३६ चा नसतो, मार्च २०३५ चा असतो. हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरायचा असतो, त्यामुळे २०३५ चा हप्ता शेवटच्या वर्षाचा. एकूण हप्ते वीसच. शेवटच्या मार्चमध्ये हप्त्याची नोटीस आली नाही म्हणून काळजीत पडलेली माणसं मी पाहिली आहेत.

यानंतर FUP ही तीन अक्षरं शोधा. रिपोर्टमधली ही सगळ्यात कामाची जागा. एफयूपी म्हणजे न भरलेला पहिला हप्ता, पुढे जो हप्ता भरायचा आहे त्याची तारीख. आपल्या पॉलिसीत मार्च २०१६ पासून मार्च २०२५ पर्यंतचे दहा हप्ते भरले असतील, तर एफयूपी मार्च २०२६ दिसली पाहिजे. ती मार्च २०२५ दिसली, तर तुमच्या हातात पावती असली तरी कंपनीच्या खात्यात तो हप्ता जमा झालेला नाही. खालचे सगळे आकडे, म्हणजे बोनस, पेड-अप, सरेंडर, या तारखेवर अवलंबून असतात. एफयूपी चुकली असेल तर खाली वाचत जाण्यात अर्थ नाही, आधी ती दुरुस्त करून घ्यायची.

ही चूक कशी होते ते माझ्या काकांच्या पॉलिसीत कळलं. ते शिक्षक होते आणि हप्ता पगारातून कापला जायचा. मधे त्यांची बदली झाली. जुन्या कार्यालयाने कपात थांबवली, नव्या ठिकाणी ती सुरू व्हायला चार महिने गेले. काकांना वाटत राहिलं की हप्ते चालू आहेत, कारण त्यानंतर पगारपत्रकावर कपात नियमित दिसत होती. पॉलिसीच्या खात्यात मात्र त्या चार महिन्यांचा खड्डा राहिला. शाखेत याला गॅप म्हणतात. मॅच्युरिटीच्या वेळी ते हप्ते व्याजासकट कापले जाणार होते. काकांनी बदलीच्या काळातली पगारपत्रकं सांभाळली होती, त्यात कपात नसल्याचं स्पष्ट दिसलं, म्हणून त्यांनी वेळेत हप्ते भरून टाकले. उलटही होतं. पगारातून पैसे कापले जातात, पण कंपनीपर्यंत पोचत नाहीत. तेव्हा तेच पगारपत्रक तुमचा पुरावा असतो. पगारातून हप्ता जात असेल, तर प्रत्येक बदलीनंतर वर्षभराच्या आत एकदा रिपोर्ट काढून गॅप आहे का ते विचारा.

भरलेले हप्ते: दोन वेगळे आकडे

तुम्ही पासबुकातून बेरीज केली तर आकडा एक येईल आणि रिपोर्टवर वेगळा दिसेल. आपल्या उदाहरणात कर सोडून २,५०,००० भरले गेले. प्रत्यक्षात खिशातून गेले त्याहून पाच-सहा हजार जास्त, कारण आधी सेवाकर आणि जुलै २०१७ पासून जीएसटी लागत होता. एंडोमेंट पॉलिसीत तो पहिल्या वर्षी साडेचार टक्के आणि पुढे सव्वादोन टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, म्हणून मार्च २०२६ चा हप्ता भरताना रक्कम थोडी कमी दिसेल. ती चूक नाही.

कर कंपनीकडे राहत नाही, म्हणून परत मिळणाऱ्या कुठल्याही रकमेत तो धरला जात नाही. अपघात विम्यासारख्या रायडरचा हप्ताही तसाच, आणि आजारपणामुळे किंवा धोक्याच्या नोकरीमुळे लावलेला जादा हप्ताही. सरेंडरचा हिशेब करताना "मी एवढे भरले" ही रक्कम यातली कुठली, हे डोक्यात पक्कं ठेवा.

बोनस: जमा दिसतो, पण खात्यात नसतो

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. बोनस टक्क्यांत जाहीर होत नाही, विमा रकमेच्या दर हजारी इतके रुपये असा होतो. दर वर्षी ३१ मार्चच्या स्थितीवर कंपनीच्या मालमत्तेचं आणि देण्यांचं मूल्यांकन होतं, त्यातून त्या वर्षाचा दर ठरतो आणि काही महिन्यांनी जाहीर होतो. दर प्लॅननुसार आणि मुदतीनुसार वेगळा असतो. मोठ्या मुदतीच्या पॉलिसीला जास्त, लहान मुदतीच्या पॉलिसीला कमी. शेजाऱ्याच्या पॉलिसीचा दर आपल्याला लावू नये तो यासाठीच.

समजा आपल्या पॉलिसीला दर वर्षी हजारी ४० रुपये बोनस लागला. ५ लाखांत ५०० हजार, म्हणून ५०० गुणिले ४०, वर्षाला २० हजार. रिपोर्टवर "व्हेस्टेड बोनस" या ओळीत १,८०,००० दिसतात. म्हणजे नऊ वर्षांचा बोनस चढला आहे. दहावं वर्ष चालू आहे, त्याचा अजून चढायचा आहे. हप्ते दहा आणि बोनस नऊ वर्षांचा असं दिसलं तर घाबरू नका. हप्ता वर्षाच्या सुरुवातीला जातो आणि बोनस नंतर चढतो, त्यामुळे साधारण एका वर्षाचा फरक राहतोच. दोन-तीन वर्षांचा फरक दिसला तर मात्र विचारा.

हा बोनस हजारी ४० रुपये म्हणजे ४ टक्के व्याज, असं समजू नका. तो भरलेल्या पैशावर मोजला जात नाही, विमा रकमेवर मोजला जातो. शिवाय बोनसवर बोनस मिळत नाही. पहिल्या वर्षी चढलेले २० हजार वीस वर्षांनंतरही २० हजारच राहतात. बँकेतल्या मुदत ठेवीसारखं चक्रवाढ इथे नाही, म्हणून दोन्हींची टक्केवारी शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

एकदा चढलेला बोनस कंपनी काढून घेऊ शकत नाही, ही त्याची चांगली बाजू. पण तो मिळतो दोनच वेळी, मुदत संपल्यावर किंवा विमाधारकाचा मृत्यू झाल्यावर. मृत्यू झाला तर वारसाला विमा रकमेबरोबर तोवर चढलेला सगळा बोनस मिळतो. पॉलिसी मधेच मोडली, तर मात्र त्या १,८०,००० चा एक हिस्साच हाती येतो. खात्यात जमा असलेले पैसे काढतो तसा बोनस काढता येत नाही.

मनीबॅक पॉलिसी असेल तर ठरावीक वर्षांनी मिळालेले पैसे शेवटच्या रकमेतून वजा झालेले असतात, पण बोनस पूर्ण विमा रकमेवरच चढत राहतो. रिपोर्ट वाचायची पद्धत तीच.

पेड-अप व्हॅल्यू: हप्ते थांबवले तर

पुढच्या ओळीत बहुधा पेड-अप व्हॅल्यू दिसेल. यापुढे एकही हप्ता भरला नाही आणि पॉलिसी तशीच पडू दिली, तर विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होते. वीसपैकी दहा हप्ते भरले, म्हणून ५ लाखांचे २,५०,००० राहिले. त्यात चढलेला बोनस १,८०,००० मिळवला की ४,३०,००० होतात. दहाव्या वर्षाचा हप्ता भरलेला असल्याने त्याचा बोनसही पुढे मिळाला पाहिजे, पण तो अजून चढलेला नसल्यामुळे इथे धरत नाही.

या ४,३०,००० ची तारीख बघा. ती २८ मार्च २०३६ आहे, आजची नाही. अटही बघा. पेड-अप झाल्यानंतरच्या वर्षांचा बोनस मिळत नाही आणि मधल्या काळात विम्याचं संरक्षणही ५ लाखांचं राहत नाही, या कमी झालेल्या रकमेचंच राहतं. बरीच माणसं पेड-अप व्हॅल्यू बघून शाखेत जातात आणि "एवढे द्या" म्हणतात. काउंटरवर त्यांना सरेंडरचा आकडा सांगितला जातो, तो निम्मा असतो, आणि वाद होतो. दोन्ही आकडे बरोबर असतात, त्यांच्यात दहा वर्षांचं अंतर असतं.

सरेंडर व्हॅल्यू: आजची किंमत

पोर्टलवर सरेंडर व्हॅल्यू नेहमी दिसतेच असं नाही. शाखेत जाऊन "सरेंडर कोटेशन द्या" असं सांगा. कोटेशन घेतलं म्हणजे पॉलिसी मोडली असं होत नाही. सरेंडरचा फॉर्म आणि मूळ पॉलिसी दिल्याशिवाय काहीही मोडत नाही, त्यामुळे निर्धास्त मागा.

रक्कम दोन पद्धतींनी काढली जाते आणि त्यातली मोठी असेल ती मिळते.

पहिली आहे गॅरंटीड सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे हमी असलेली. भरलेल्या हप्त्यांचे ठरावीक टक्के आणि बोनसचे ठरावीक टक्के. हे टक्के तुमच्या पॉलिसीच्या दस्तऐवजातल्या तक्त्यात छापलेले असतात. जितकी वर्षं जास्त झाली तितके टक्के वाढत जातात आणि शेवटच्या दोन वर्षांत हप्त्यांच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचतात. समजा आपल्या दहाव्या वर्षाला हप्त्यांचे ६० टक्के आणि बोनसचे १८ टक्के आहेत. २,५०,००० चे ६० टक्के म्हणजे १,५०,००० आणि १,८०,००० चे १८ टक्के म्हणजे ३२,४००. बेरीज १,८२,४००.

दुसरी आहे स्पेशल सरेंडर व्हॅल्यू. इथे पेड-अपची रक्कम, आपल्या उदाहरणात ४,३०,०००, घेऊन तिला एका गुणकाने गुणतात. गुणक ४८ टक्के धरला तर २,०६,४०० होतात. हा गुणक दस्तऐवजात नसतो, कंपनी तो वेळोवेळी ठरवते, आणि बाजारातले व्याजदर बदलले की तोही बदलू शकतो. दोन रकमांपैकी दुसरी मोठी, म्हणून आज पॉलिसी मोडली तर २,०६,४०० मिळतील. पॉलिसीवर कर्ज असेल तर ते आणि त्याचं व्याज यातून कापलं जाईल. कर्ज घेऊन विसरलेली माणसं कमी नाहीत. सरेंडर व्हॅल्यूच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं आणि त्यावरचं व्याज थकत गेलं की मूळ रकमेत मिसळून वाढत राहतं, म्हणून कर्जाची ओळ कोरी आहे ना ते नक्की बघा.

४,३०,००० चे २,०६,४०० का होतात, ते समजलं की राग निम्मा उतरतो. कंपनी तुम्हाला दहा वर्षांनी द्यायची रक्कम आज देते आहे. २,०६,४०० रुपये वर्षाला साडेसात टक्क्यांच्या थोड्या वर चक्रवाढीने दहा वर्षं वाढले, तर ४,३०,००० होतात. म्हणजे २०३६ च्या रकमेतून दहा वर्षांचं व्याज वजा करून आजची किंमत काढली आहे. मुदत जवळ येते तसं वजा होणारं व्याज कमी होतं आणि सरेंडर व्हॅल्यू पेड-अपच्या जवळ जाते. शेवटच्या एक-दोन वर्षांत हा फरक फारच थोडा उरतो.

सुरुवातीच्या वर्षांचं काय? २०१६ च्या या पॉलिसीत तीन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय सरेंडर व्हॅल्यू तयारच होत नव्हती. दोन वर्षं भरून सोडून दिलेल्यांना काहीच मिळालं नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी हे बदललं. त्यानंतर विकल्या जाणाऱ्या अशा पॉलिसीत एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल, तर पहिलं वर्ष संपल्यावर स्पेशल सरेंडर व्हॅल्यू मिळते. पण जुन्या पॉलिसीला तिच्या दस्तऐवजातल्या अटी लागतात, बातमी वाचून आपल्यालाही तेच मिळेल असं धरू नका.

मॅच्युरिटीची अपेक्षित रक्कम: मोठा आकडा सोडवून बघा

आता सगळ्यात खालचा आणि सगळ्यात मोठा आकडा. मॅच्युरिटीला मिळते विमा रक्कम, वीस वर्षांचा चढलेला बोनस आणि लागू असेल तर अंतिम अतिरिक्त बोनस. शेवटचा हा बोनस एकदाच, मुदत संपताना, जास्त वर्षं चाललेल्या पॉलिसींना मिळतो. त्याचा दरही दर वर्षी ठरतो आणि मुदत व विमा रकमेनुसार बदलतो.

यातले ५ लाख निश्चित. १,८०,००० निश्चित. उरलेल्या अकरा वर्षांचा बोनस अंदाज, कारण पुढचे दर अजून ठरलेलेच नाहीत. दर ४० राहिला तर ते २,२०,००० होतील आणि एकूण ९ लाख. अंतिम अतिरिक्त बोनस मिळाला तर त्याच्यावर. म्हणजे ९ लाखांपैकी ६,८०,००० पक्के, तेही उरलेले दहा हप्ते वेळेत भरले तर.

एजंटच्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या कागदावर याच पॉलिसीला "अंदाजे १२ लाख" लिहिलेलं असू शकतं. तो आकडा फाडून टाकू नका, सोडवून बघा. १२ लाखांतून विमा रकमेचे ५ लाख आणि चढलेल्या बोनसचे १,८०,००० काढले की ५,२०,००० उरतात. त्यातून पुढच्या अकरा वर्षांचे २,२०,००० काढले की ३ लाख उरतात. हे ३ लाख अंतिम अतिरिक्त बोनसमधून यायला हवेत, म्हणजे हजारी ६०० रुपये. कंपनी दर वर्षी जाहीर करते त्या तक्त्यात २० वर्षांच्या मुदतीसमोर काय दर आहे तो शोधा. इतकी मोठी रक्कम या मुदतीला मिळेल अशी आशा धरू नका. अशा कागदावर बहुतेकदा जुन्या चढ्या दरांचा बोनस धरलेला असतो, नाहीतर दुसऱ्याच प्लॅनचा.

पॉलिसी घेताना दिलेल्या बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. ८ टक्क्यांचा रकाना वाचून "आठ टक्के मिळणार" असं कित्येकांनी मला सांगितलं आहे. ते दर कंपनीच्या गुंतवणुकीवर धरलेले आहेत, खर्च आणि विम्याचा भाग वजा होण्याआधीचे. तुमच्या हप्त्यावरचा परतावा त्याहून कमीच असतो. आपल्या पॉलिसीत वीस वर्षं २५ हजार भरून ९ लाख मिळाले तर तो सव्वापाच टक्क्यांच्या आसपास येतो.

आता ठेवायची की मोडायची

हा सव्वापाच टक्क्यांचा आकडा कळला की पहिला विचार येतो पॉलिसी मोडण्याचा. इथे मी सगळ्यांना थोडं थांबवते, कारण सव्वापाच टक्के हा २०१६ पासूनचा हिशेब आहे. तुम्ही नोव्हेंबर २०२५ मध्ये उभ्या आहात. आज प्रश्न असा आहे की हाती येऊ शकणारे २,०६,४०० पॉलिसीतच राहू दिले आणि पुढची दहा वर्षं २५ हजार भरले, तर त्या सगळ्याचे ९ लाख होतात का, आणि तेवढे बाहेर कुठे होतील का.

हा हिशेब मांडला तर परतावा पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास येतो. बोनसचा दर ४० वरून ३० वर उतरला तरी मॅच्युरिटी ८,४५,००० होते आणि परतावा आठ टक्क्यांजवळ राहतो. मागे सव्वापाच आणि पुढे पावणेनऊ कसं, असं वाटेल. कारण नुकसान सुरुवातीच्या वर्षांत होऊन गेलेलं आहे. एजंटचं कमिशन, कंपनीचा खर्च, सगळं तेव्हाच वजा झालं. आज मोडली तर ते नुकसान पक्कं होतं, ठेवली तर पुढच्या प्रत्येक हप्त्यामागे २५ हजारांची विमा रक्कम आणि वर्षाचा बोनस मिळतो.

हेच उत्तर प्रत्येक पॉलिसीला लागू नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी हिशेब वेगळा येतो, आणि हप्ता भरणंच जड झालं असेल तर टक्केवारीचा उपयोग नाही. पण पद्धत तीच वापरा. सरेंडर कोटेशनची रक्कम, उरलेले हप्ते आणि स्वतः काढलेली, एजंटने दिलेली नव्हे, अशी मॅच्युरिटी. एक्सेलमध्ये एका रकान्यात एकाखाली एक सरेंडरची रक्कम आणि हप्ते उणे चिन्हाने लिहायचे, शेवटी मॅच्युरिटी अधिक चिन्हाने लिहायची, आणि खाली हे सूत्र टाकायचं:

```
=IRR(A1:A11)
```

A1 मध्ये सरेंडरची रक्कम आणि पहिला हप्ता एकत्र, A2 ते A10 मध्ये पुढचे नऊ हप्ते, A11 मध्ये मॅच्युरिटी. सूत्र बरोबर एकेका वर्षाचं अंतर धरतं. आपल्याकडे पहिला हप्ता चार महिने पुढे आहे, म्हणून उत्तर पाव टक्का जास्त, नऊच्या जवळ दिसेल. निर्णयाला तेवढी बारीक अचूकता लागत नाही.

हप्ता खरोखरच झेपत नसेल तर मोडण्याआधी पेड-अपचा विचार करा. आपल्या उदाहरणात पैशाची निकड नसेल तर २,०६,४०० आज घेण्यापेक्षा ४,३०,००० दहा वर्षांनी घेणं हे साडेसात टक्क्यांच्या ठेवीसारखं आहे, आणि त्यात विम्याचं थोडं संरक्षणही राहतं. पण घरात कुणी कमावतं असेल आणि दुसरा विमा नसेल, तर पेड-अप केल्यावर संरक्षण किती उतरतं ते आधी बघा.

हप्ता चुकून राहिला असेल, तर वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला किमान ३० दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला १५ दिवसांची. त्यानंतर पॉलिसी लॅप्स होते आणि थकलेले हप्ते व्याजासकट भरून ती पुन्हा चालू करता येते. जुन्या पॉलिसींत त्याला न भरलेल्या पहिल्या हप्त्यापासून दोन वर्षं मिळतात, अलीकडच्या प्लॅनमध्ये पाच. वय आणि रकमेनुसार तब्येतीची चाचणीही मागू शकतात.

चूक सापडली तर

एफयूपी, बोनसची वर्षं, वारसाचं नाव किंवा जन्मतारीख, यातलं काही चुकीचं दिसलं तर तोंडी सांगून घरी येऊ नका. ज्या शाखेत पॉलिसीची नोंद आहे तिच्या नावाने साध्या कागदावर अर्ज करा. पॉलिसी नंबर, रिपोर्टवर काय दिसतं, काय असायला हवं, आणि पुरावा म्हणून पावतीची किंवा पगारपत्रकाची झेरॉक्स, एवढंच लिहा. दोन प्रती न्या. एक द्या आणि दुसरीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या. महिनाभराने पुन्हा रिपोर्ट काढा. एफयूपी पुढे सरकलेली दिसली की काम झालं. ती तशीच असेल तर पोच घेतलेली प्रत घेऊन थेट शाखा व्यवस्थापकांना भेटा.